जहाज सोडताना 'येतो' कोणाला म्हणायचं?

*नमस्कार काका. मी मानेवाड्याचा. बल्क कॅरिअरवर फोर्थ इंजिनिअर आहे. सहा महिन्यांचा करार संपत आलाय, पुढच्या पंधरवड्यात सिंगापूरला साइन ऑफ. जहाजावर आम्ही २१ जण. सात भारतीय, बारा फिलिपिनो, चीफ आणि सेकंड इंजिनिअर युक्रेनचे. माझ्यासोबत आणखी चौघं उतरतील, बाकीचे राहतील. मागच्या जहाजावरून उतरताना नुसतं 'ओके, बाय' म्हणून लाँचमध्ये बसलो होतो, ते अजून सलतं. या वेळी नीट बोलायचंय, पण काय बोलू ते सुचत नाही. सेकंडशी माझं तेल साफ करणाऱ्या प्युरिफायरवरून सगळ्यांसमोर वाजलं होतं. एका मोटरमनला दहा महिने होत आले, त्याचा रिलिव्हर येत नाही. कुकने माझ्यासाठी वरण शिकून घेतलं. सगळ्यांना मिळून ग्रुपवर एकच मेसेज टाकला तर चालेल का?*

बेटा, ग्रुपवर मेसेज टाक, पण घरी पोचल्यावर. त्याआधी जे बोलायचं ते तोंडानं बोल, आणि ते सिंगापूरला नको. सिंगापूर यायच्या दोन रात्री आधी.

काऊन, ते सांगतो. तू चार साब आहेस, बंकर म्हणजे जहाजाचं तेल भरणं तुझ्याच गळ्यात. अँकरेजला नांगर पडला की एका बाजूला बंकर बार्ज, दुसऱ्या बाजूला स्टोअरची बोट, भाजीपाला वर येतोय, एजंट कागद घेऊन कॅप्टनच्या केबिनमध्ये बसलाय. तुझ्या हातात साउंडिंग टेप. त्यातच तुझा रिलिव्हर शिडी चढून वर येणार, आदल्या रात्रीच्या विमानानं डोळे लाल झालेला, आणि त्याला सगळं समजावून द्यायला नशीब चांगलं असेल तर चार तास. मग पासपोर्ट आणि सीडीसी ताब्यात घे, हिशेबावर सही कर, बॅगा डेकवर आण, आणि लाँचवाला खालून भोंगा वाजवतोय. अशा दिवशी तोंडातून 'ओके, बाय'च निघतं. तुझ्या मनात काही नव्हतं म्हणून तसं झालं नाही. तुला ते बोलायला वेळ चुकीची मिळाली.

माझंही झालं होतं. थर्ड इंजिनिअर असताना फुजैराच्या अँकरेजला उतरायचं होतं. लाँच सकाळी सातची सांगितली होती, आली पहाटे चारला. आमचा फिटर गोव्याचा, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. त्या रात्री एक वाजेपर्यंत तो जनरेटरच्या सिलिंडर हेडशी झगडत होता आणि नुकताच झोपला होता. मी त्याच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. उठवलं नाही ते बरोबरच होतं. २४ तासांत किमान दहा तास विश्रांती, तीही जास्तीत जास्त दोन तुकड्यांत आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा, असा नियम आहे आणि त्याच्या मागं कारण आहे. अर्धवट झोपेत ग्राइंडर हातात घेणाऱ्या माणसाची बोटं जातात. माझी चूक आदल्या संध्याकाळची होती. मेसमध्ये तो समोर बसून जेवत होता आणि मी मनात म्हटलं, उद्या सकाळी निवांत बोलू. जहाजावर उद्या सकाळ निवांत नसते. तो माणूस मला नंतर कधी भेटला नाही.

तुमचं जहाज पश्चिमेकडून येत असेल तर मलाक्काची सामुद्रधुनी लागेल. ती साधारण पाचशे मैलांची, म्हणजे बल्क कॅरिअरच्या चालीनं चाळीसेक तास. एकदा आत शिरलात की गर्दी, स्टँडबाय, चोरांवर पहारा, आणि रात्री रिकामं राहणारं इंजिनरूमही माणसांनी भरलेलं. म्हणून तुझी शेवटची शांत संध्याकाळ सुमात्राचं उत्तर टोक दिसतं तेव्हाची. ती धर. दुसऱ्या वाटेनं येत असाल तर सेकंड मेटला चार्टवर विचार की गर्दी कुठून सुरू होते, आणि तिथून एक दिवस मागं ये.

त्या संध्याकाळीही सगळे एकदम सापडत नाहीत. सेकंड मेट बारा ते चारच्या वॉचवर, म्हणजे रात्री आठला तो झोपायच्या बेतात असतो. त्याला दुपारी चारला, वॉच संपवून खाली उतरताना गाठ. चीफ मेट चार ते आठ, त्याच्याशी आठनंतर बोल. थर्ड मेटचं उलटं, त्याची वॉच आठला सुरू होते, त्याला जेवणाआधी. ब्रिजवर जाऊन निरोपाचं बोलू नकोस. तिथला माणूस तुझ्याकडं बघत बोलला तर बाहेर कोण बघणार? बोसन आणि डेकची पोरं पाचला काम आटोपून चहाला येतात, ते सोपे. कुकला मात्र साडेसातनंतरच. गॅलीतली भांडी पुसून झाली की तो पाच मिनिटं दारात उभा राहतो, ती पाच मिनिटं त्याची असतात.

आता शब्दांचं. आधी एक गोष्ट बाजूला काढ. तुला कोणाकडून सही घ्यायची असेल, अप्रेझल बघायचं असेल, सी सर्व्हिसचं पत्र हवं असेल, तर ते सगळं निरोपाच्या आठवडाभर आधी उरक. चीफच्या केबिनमध्ये जाऊन 'तुमच्याकडून खूप शिकलो' म्हणायचं आणि त्याच दमात कागद पुढं सरकवायचा, हे शोभत नाही. तोही वीस वर्षं हेच बघत आलाय. कागद आधी झाला की मग तुझ्या शब्दांत काही मागणं उरत नाही.

आमच्या उमरेडच्या आजीकडे 'जातो' म्हटलेलं चालत नसे. उंबऱ्यावरून परत बोलवायची, "जातो नको म्हणू रे बाप्पा, येतो म्हण." जहाजावर मी पहिली काही वर्षं सगळ्यांना तसंच म्हणायचो, हिंदीत किंवा इंग्रजीत. परत भेटू, पुढच्या जहाजावर भेटू. हळूहळू लक्षात आलं की घरी 'येतो' खरं असतं, कारण आपण येतोच. जहाजावर कोण कुठं जाणार ते मुंबईतलं नाहीतर मनिलातलं ऑफिस ठरवतं. तेलाच्या रिगवरच्यांचं वेगळं. १४ दिवस आत, १४ दिवस बाहेर, आणि तीच माणसं परत समोर. त्यांना खरा निरोप रिगचाच करार संपतो तेव्हा घ्यावा लागतो. तुझ्या २१ जणांतले बहुतेक तुला परत दिसणार नाहीत. मग भेटू म्हणून वेळ मारून नेण्यापेक्षा जे घडून गेलंय ते सांग. एकाला एकच गोष्ट, आणि ती अशी की दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

कुकचं उदाहरण घे. 'थँक यू फॉर द फूड' त्याला रोज कोणीतरी म्हणतं. तू त्याला विचार, पहिल्यांदा वरण केलंस तेव्हा त्यात व्हिनेगर घातलं होतंस, आठवतं का? (घातलं असेलच असं नाही, पण फिलिपिनो कुकनं पहिल्या वरणात काही ना काही घातलेलं असतंच.) मग सांग की चौथ्या वेळेपासून ते माझ्या आईच्या वरणासारखं लागायला लागलं. उरलेलं हिंग, हळद आणि लोणच्याची बरणी त्याच्या हातात दे. तुझ्या जागी येणारा कुठला असेल ते माहीत नाही, पण सहा भारतीय मागं राहिले तर वरण चालू राहील. एवढं बोलून तिथून निघ. फार वेळ रेंगाळलास तर त्याला तुझ्यासाठी काहीतरी करून आणावंसं वाटेल, आणि तो पहाटे पाचला उठतो.

तुझ्या इंजिनरूमच्या पोरांसाठी एक वेगळी रीत आहे. ही मी एका मंगळुरूच्या बडा साबकडून, म्हणजे चीफ इंजिनिअरकडून शिकलो आणि पुढं कधी सोडली नाही. तिथं निरोप त्या माणसाला द्यायचा नसतो, त्याच्यादेखत रिलिव्हरला सांगायचा असतो. हँडओव्हर करताना ऑईलरला मुद्दाम सोबत घे. दोन नंबर प्युरिफायरपाशी उभा राहा आणि रिलिव्हरला सांग, "याचा सील वॉटरचा सोलेनॉइड मधूनच अडकतो. अलार्म यायच्या आधी याला आवाजावरून कळतं. हा थांब म्हणाला तर थांब." बस. ऑईलर काही बोलणार नाही, चिंधीनं हात पुसत राहील. पण तू शिडी उतरल्यावर तिथं नवा साहेब असेल, त्याला कोणाचं काही माहीत नसेल, आणि पहिल्या आठवड्यात जे बिघडेल ते याच पोरांवर येईल. तुझं ते वाक्य तेव्हा त्याच्या कामी येईल. फिटरबद्दल, वायपरबद्दलही एकेक वाक्य असंच तयार ठेव. खोटी स्तुती करू नकोस. वायपर आळशी असेल तर त्याला जे एक काम नीट जमतं तेच सांग. रिलिव्हर दोन दिवसांत सगळं ओळखतो, आणि तुझा शब्द खोटा निघाला की बाकीच्यांबद्दलचे शब्दही गेले.

हँडओव्हर नोट्सही तशाच लिही. जे मशीन त्रास देतं ते दडवू नकोस. 'ऑल रनिंग सॅटिसफॅक्टरी' लिहून गेलेल्या साहेबाला मागची माणसं महिनाभर कोणत्या शब्दांत आठवतात, ते मी ऐकलंय. माझ्याबद्दलही एकदा ऐकलं, तेव्हापासून लिहीत नाही.

सेकंडचं. प्युरिफायरमधून तेल स्लजमध्ये जात होतं आणि त्यावरून तुमचं वाजलं, असं मी धरून चालतो, कारण चार साब आणि सेकंडचं भांडण नव्वद टक्के वेळा तिथूनच सुरू होतं. मग बाऊल उघडल्यावर काय निघालं? मुख्य सीलिंग रिंग खराब निघाली आणि तो आधीपासून तेच म्हणत होता, तर त्याला एवढंच सांग की रिंगबद्दल तुमचं बरोबर होतं, मी ग्रॅव्हिटी डिस्कच्या मागं लागून दोन दिवस घालवले. ओरडाआरडीचं नाव काढू नकोस. 'झालं गेलं विसरून जाऊ' म्हणालास तर जे झालं तेच पहिलं आठवेल. आणि बरोबर तूच निघाला असशील तर रिंगचा विषयच सोड. त्यानं शिकवलेली एक गोष्ट आठव. युक्रेनचे सेकंड तोंडानं तिखट असतात, पण कॉफीचा मग हातात असताना एखादी युक्ती सांगून जातात. ती कोणती ते सांग आणि हात मिळव. तो नुसता मान हलवेल. त्यापेक्षा जास्त अपेक्षा करू नकोस. तिकडं घरी युद्ध चालू असलेला माणूस करार संपताना कोणत्या मनःस्थितीत असतो, ते आपल्याला कळत नाही. 'घरी कधी जाणार' हे त्याला विचारू नकोस. जहाजावर राहणाऱ्यांना काही म्हणायचंच असेल तर त्या भागातल्या खलाशांची एक जुनी शुभेच्छा आहे, तळाखाली सात फूट पाणी असो. चीफला ती तुझ्या मोडक्या उच्चारांत म्हणून दाखव. तो हसला तर तुमचं जमलं.

फिलिपिनोंना 'इंगात' म्हण. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सांभाळून राहा. तो जाणाराही म्हणतो आणि राहणाराही, त्यामुळं दोन्ही बाजूंनी बसतो. वयानं मोठ्या बोसनला 'इंगात पो' म्हण, त्यात मान आहे. शब्दकोशात निरोपाला त्यांचा 'पालाम' शब्द सापडेल, तो वापरू नकोस. तो कायमचा निरोप वाटतो, रोजच्या बोलण्यात ते सहसा म्हणत नाहीत. आपल्या आजीसारखंच आहे ते. 'जातो' त्यांनाही चालत नाही.

मोटरमनशी बोलणं सगळ्यात अवघड, म्हणून त्याला शेवटी ठेवू नकोस, त्या संध्याकाळी सगळ्यात आधी गाठ. त्याच्यासमोर दोन गोष्टी तोंडातून निघायला नकोत. एक, 'तुझाही लवकरच नंबर लागेल.' तुला ते माहीत नाही, आणि त्यानं ते ऑफिसकडून तीनदा ऐकलंय. दुसरी, 'मी ऑफिसात तुझ्याबद्दल बोलतो.' चार साबच्या सांगण्यानं मनिलातल्या ऑफिसात काही हलत नाही. पण बहुतेक खलाशांना घरी असताना पगार नसतो. साहेबानं सहज टाकलेलं वाक्य धरून ते फोनची वाट बघतात. २०२० साली जहाजं बंदरात येत होती आणि माणसांना उतरू देत नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही जहाजावर अडकले होते, असा अंदाज होता. आमच्याकडच्या एका एबीला, म्हणजे डेकवरच्या खलाशाला, तेरा महिने झाले होते. उतरणारे त्याला रोज धीर द्यायचे. शेवटी तो मेसमध्ये जेवायला यायचाच बंद झाला.

मग बोलायचं काय? आधी विचार, घरी काही पाठवायचंय का? सिंगापूरहून मनिलाला जाणारा कोणी तुझ्यासोबत उतरत असेल तर पोरांसाठी घेतलेली चॉकलेटं, बूट त्याच्याकडं देता येतील, आणि ते तू जुळवून देऊ शकतोस. दुसरं, त्याला त्याचा हक्क माहीत आहे का ते बघ. खलाशाला सलग बारा महिने जहाजावर ठेवता येत नाही, अकरा महिने झाले की उतरवायलाच हवं. करारात जास्तीचा एक महिना लिहिलेला असतो, तो कोणत्या तारखेला संपतो ते तो आणि तू मिळून त्याच्या करारात बघा, आणि ती तारीख त्यानं कॅप्टनला लेखी विचारावी. हे निरोपाच्या शब्दांत मोडत नाही असं तुला वाटेल. पण दहा महिने इंजिनरूममध्ये घालवलेल्या माणसाच्या कामाचं तुझ्याकडं दुसरं काही नाही. आणि त्याच्यासमोर नवी बॅग भरत बसू नकोस. केबिनचं दार लाव आणि भर.

तुझ्यासोबत उतरणारे चौघं राहिले. त्यांच्याशी जहाजावर काही बोलू नकोस, त्यांचा निरोप चांगीला आहे. लाँच धक्क्याला लागते, एजंटची व्हॅन येते, आणि सहा महिने बॉयलर सूटमध्ये बघितलेली माणसं जीन्समध्ये अनोळखी वाटायला लागतात. व्हॅनमध्ये कोणी बोलत नाही, सगळे फोनवर. विमानतळावर तिकिटं वेगवेगळी. कोणाचं टर्मिनल एक, कोणाचं तीन, आणि ज्याचं विमान आधी तो इमिग्रेशनच्या रांगेत घुसतो तो गेलाच. म्हणून व्हॅनमधून उतरल्याबरोबर, बॅगा ट्रॉलीवर चढवायच्या आधी, 'दहा मिनिटं कॉफी' असं तूच म्हण. पैसे तू दे, साहेब आहेस. तिथं काही खास बोलायला लागत नाही. कोण घरी पोचल्यावर आधी काय खाणार, एवढा विषय पुरतो. तू तर्री पोहे म्हणशील आणि मग तर्री म्हणजे काय ते समजावत बसशील, त्यात दहा मिनिटं जातील.

मुंबईहून नागपूरचं विमान पकडशील, सोनेगावला आई-बाबा उभे असतील. दोन दिवस झोप काढ. मग ग्रुपवर मेसेज टाक. चार ओळी पुरे, त्यात कोणाचंही नाव नको. नावं घ्यायला लागलास की २१ पैकी एक राहतो आणि नेमका तोच वाचतो. पोचलो म्हण, बाहेर ४२ डिग्री आहे म्हण, आणि त्या संध्याकाळी मेसमध्ये काढलेला फोटो टाक, ज्यात कुकही आहे. कुक फोटोत नसतो, कारण तो फोटो काढत असतो. म्हणून फोटो कॅडेटला काढायला लाव.

मोटरमनला मात्र वेगळा मेसेज कर, ग्रुपच्या आधी. 'पोचलो, सामान दिलं' एवढंच. जहाजाचं घड्याळ सिंगापूरच्या वेळेवर असेल तर ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तो पाचला इंजिनरूममधून वर येतो. म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला पाठव.